आठवा वेतन आयोग: फिटमेंट फॅक्टरचा आकडा आणि तिजोरीवरचा खरा बोजा

ओंकार_सोलापूर

मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. गेले काही महिने कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एकच विषय असतो, तो म्हणजे आठवा वेतन आयोग. जुन्या मूळ वेतनाला ज्या आकड्याने गुणून नवे वेतन ठरते तो फिटमेंट फॅक्टर २.८६ मिळणार, म्हणजे पगार जवळजवळ तिप्पट होणार, असे मोबाइलवर आलेले संदेश मंडळी एकमेकांना वाचून दाखवतात. दुसरीकडे माझे मेहुणे खासगी कंपनीत आहेत आणि भेटले की त्यांचा एकच प्रश्न असतो, "तुमचे पगार तिप्पट करायला सरकार पैसे आणणार कुठून?" दोघांचे बोलणे मला अर्धवट वाटते, परंतु नेमके कुठे चुकते ते सांगता येत नाही. सातव्या आयोगाच्या वेळी २.५७ चा गुणक लागला होता, तरी माझ्याच शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी सांगतात की हातात फारशी वाढ पडली नव्हती. मग सरकारवर एवढा मोठा बोजा पडला तो कशाचा? जाणकारांनी कृपया एखादे उदाहरण घेऊन समजावून सांगावे.

रानवारा

ओंकार, एक गोष्ट लक्षात घ्या. महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या वर गेला की तो मूळ वेतनात विलीन करावा लागतो, हा नियमच आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राचा भत्ता ५० टक्के झाला, तेव्हाच हे विलीनीकरण व्हायला हवे होते. सरकारने ते केले नाही, म्हणून आता फॅक्टर मोठा द्यावाच लागेल. संघटनांनी हा मुद्दा लावून धरला पाहिजे.

जुना_कोषागार

रानवारा यांचे म्हणणे पुष्कळांच्या मनात पक्के बसलेले आहे, म्हणून आधी तेवढे पाहू. ५० टक्के महागाई भत्ता महागाई वेतन म्हणून मूळ वेतनाला जोडला गेला, तो एप्रिल २००४ मध्ये, पाचव्या आयोगाच्या काळात. तो त्या वेळचा स्वतंत्र निर्णय होता, कायमचा नियम नव्हे. सहाव्या आयोगाच्या काळात भत्ता ५०, १०० असे टप्पे ओलांडत २०१६ च्या सुरुवातीला १२५ टक्क्यांवर गेला, तरी मध्ये कुठेही विलीनीकरण झाले नाही. सातव्या आयोगाच्या रचनेत ५० टक्क्यांशी बांधलेली गोष्ट आहे ती घरभाडे भत्त्याची. तो २४, १६ आणि ८ टक्क्यांवर सुरू झाला, महागाई भत्ता २५ टक्के झाल्यावर २७, १८ आणि ९ झाला आणि ५० टक्के झाल्यावर ३०, २० आणि १० झाला. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन "५० टक्क्यांना विलीनीकरण" हा समज रुजला असावा.

आता ओंकार यांचा प्रश्न. माझी ३४ वर्षे वेतन देयके तपासण्यात गेली, म्हणून एका लिपिकाचेच उदाहरण घेतो. ३१ डिसेंबर २०१५ रोजी वेतनबँडमधील वेतन ९,००० आणि ग्रेड पे १,९००, म्हणजे मूळ वेतन १०,९०० रुपये. १ जानेवारी २०१६ चा महागाई भत्ता १२५ टक्के, म्हणजे १३,६२५ रुपये. दोन्ही मिळून २४,५२५ रुपये तो कर्मचारी आयोगाशिवायही घेतच होता. आता १०,९०० ला २.५७ ने गुणले की २८,०१३ येतात आणि वेतनस्तर एस-६ मध्ये त्याच्या लगतचा वरचा टप्पा २८,४०० आहे. त्या दिवशी नवा महागाई भत्ता शून्यावर आला. म्हणजे २४,५२५ चे २८,४०० झाले. वाढ ३,८७५ रुपयांची, सुमारे १६ टक्के.

२.५७ या आकड्यातले २.२५ म्हणजे जुने मूळ वेतन आणि त्यावरचा १२५ टक्के महागाई भत्ता, जे आधीच हातात पडत होते. आयोगाने त्यावर दिलेली खरी वाढ १४.२९ टक्के होती आणि २.२५ ला १.१४२९ ने गुणले की २.५७ होतात. म्हणून फॅक्टर ऐकला की पहिला प्रश्न हा विचारायचा, की त्या तारखेला महागाई भत्ता किती असेल? जुलै २०२५ पासून केंद्राचा भत्ता ५८ टक्के झाला. तोच धरला तर १.५८ चा फॅक्टर म्हणजे शून्य वाढ आणि सातव्या आयोगाइतकीच वाढ द्यायची तर फॅक्टर साधारण १.८१ येतो. २.८६ म्हणजे ८१ टक्क्यांची खरी वाढ होईल. आयोगाने अजून काही ठरवलेले नाही आणि मी भाकीत करणार नाही. फॅक्टर लहान दिसला म्हणून वाढ कमी आणि मोठा दिसला म्हणून वाढ जास्त, असे मात्र होत नाही.

मीरा_ठाणे

मी खासगी क्षेत्रात लेखापाल आहे आणि हे गणित मला पटले. परंतु मग ओंकार यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग तसाच राहतो. खरी वाढ १४ टक्क्यांची होती, तर केंद्रावर वर्षाला १ लाख २ हजार १०० कोटींचा अतिरिक्त बोजा पडेल असे सातव्या आयोगानेच का लिहिले? शिवाय त्याच अहवालात आयआयएम अहमदाबादच्या अभ्यासाचा दाखला आहे. सरकारमधील सर्वांत खालच्या पायरीवरील मदतनिसाला एकूण २२,५७९ रुपये मिळत होते आणि खासगी क्षेत्रात तशाच कामाला ८,००० ते ९,५०० रुपये मिळत होते. कर भरणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायचे की नाही?

जुना_कोषागार

मीराताई, हे दोन आकडे शेजारी ठेवायलाच हवेत. आयोगाचा बोजा कुठून येतो ते घरभाडे भत्त्यातून सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्याच लिपिकाकडे परत जाऊ. समजा तो मुंबईत आहे. जुन्या रचनेत घरभाडे भत्ता ३० टक्के होता, पण तो १०,९०० वर. महागाई भत्ता १२५ टक्क्यांवर पोहोचला तरी घरभाड्याला त्याचा स्पर्श होत नाही, म्हणून तो ३,२७० रुपयांवरच थांबलेला होता. नव्या रचनेत दर २४ टक्क्यांवर आला, पण आता तो २८,४०० वर मोजायचा, म्हणजे ६,८१६ रुपये. दर कमी झाला आणि रक्कम दुपटीहून जास्त झाली. ओंकार यांच्यासारख्या ग्रामीण भागातील कर्मचाऱ्याचे १,०९० चे २,२७२ झाले.

असे होते कारण दहा वर्षांत महागाई भत्ता वाढत राहतो, पण ज्या पायावर इतर गोष्टी मोजतात ते मूळ वेतन जवळजवळ जागेवरच असते, फक्त वर्षाला ३ टक्क्यांची वेतनवाढ मिळते. आयोग येतो तेव्हा साचलेला महागाई भत्ता एका रात्रीत मूळ वेतनात मुरवला जातो आणि मूळ वेतनाच्या टक्केवारीवर जे जे टांगलेले आहे ते सगळे एकदम वर सरकते. सातव्या आयोगाच्या स्वतःच्या हिशेबात वेतनात १६ टक्के वाढ होती, पण भत्त्यांत ६३ टक्के आणि निवृत्तिवेतनात २४ टक्के. एकूण वाढ २३.५५ टक्के. तुम्ही सांगितलेल्या १,०२,१०० कोटींची फोड केली तर वेतनाचे ३९,१०० कोटी, भत्त्यांचे २९,३०० कोटी आणि निवृत्तिवेतनाचे ३३,७०० कोटी होते. म्हणजे बोजाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ वेतनाच्या बाहेरचा होता. वर्तमानपत्रांत मात्र चर्चा झाली ती फॅक्टरची.

तुमचा दुसरा मुद्दा, खालच्या पायरीच्या तुलनेचा. किमान वेतन १८,००० ठरवताना आयोगाने १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेचा मापदंड घेतला होता. कुटुंबाची तीन उपभोग एकके, प्रौढाचा ठरावीक उष्मांकांचा आहार, कापड, घरभाडे, इंधन यांची किंमत काढून ती रक्कम आली. म्हणजे तो आकडा गरजेवरून निघतो, बाजारभावावरून नव्हे. बाजारात त्याच कामाला अर्ध्याहून कमी मिळते याचा अर्थ सरकार जास्त देते असाही लावता येतो आणि बाजार माणसाच्या गरजेपेक्षा कमी देतो असाही लावता येतो. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. पण तुमचे मत वेगळे असेल तर ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

मीरा_ठाणे

माझे मत थोडे वेगळे आहेच. तोच मापदंड लावून नेमलेला शिपाई आणि त्याच इमारतीत कंत्राटदारामार्फत आलेला सफाई कामगार यांच्यातले अंतर प्रत्येक आयोगानंतर वाढते. बोजा वाढला की सरकार पदे भरत नाही आणि तीच कामे कंत्राटावर देते. आयोगाच्या अहवालात या माणसाचा हिशेब कुठेच येत नाही.

नदीकाठ

माझा मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक आहे. आठव्या आयोगाचा फॅक्टर जाहीर झाला की त्याच्या पगाराला तो लागू होण्यास किती महिने लागतात? बँकेतील लोक सांगतात की वेळ लागेल.

जुना_कोषागार

नदीकाठ, बँक कर्मचाऱ्यांना वेतन आयोग लागू होत नाही. त्यांचे वेतन इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यातील द्विपक्षीय करारातून ठरते आणि तो करार पाच वर्षांच्या अंतराने होतो. चिरंजीवांना त्यांच्या संघटनेकडेच विचारणा करायला सांगा.

पाटीपेन्सिल

माझ्या आईचे प्रकरण इथे सांगते, कारण आयोगाचा परिणाम निवृत्त माणसाच्या हातात कसा पोहोचतो ते त्यातून कळेल. आई अनुदानित शाळेत शिक्षिका होती आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्या वेळी राज्यात सातवा आयोग लागू झालेला नव्हता, म्हणून तिचे निवृत्तिवेतन सहाव्या आयोगाच्या वेतनावर मंजूर झाले. २०१९ च्या सुरुवातीला सुधारित वेतनाचे नियम आले. १ जानेवारी २०१६ पासून वेतननिश्चिती नव्याने करायची, मग त्यावरून निवृत्तिवेतन पुन्हा ठरवायचे आणि सेवापुस्तक तपासणीसाठी पाठवायचे, असा क्रम होता. तिच्या सेवापुस्तकात २००६ च्या निश्चितीत एक वेतनवाढ चुकून जास्त धरलेली निघाली. चूक कार्यालयाची होती, पण अतिप्रदानाच्या वसुलीचे पत्र आईला आले. त्या पत्रानंतर दोन वर्षे सुधारित निवृत्तिवेतन अडकून राहिले आणि आई रोज टपालाची वाट पाहत असे. वसुली अखेर झाली नाही, परंतु तोवर झालेला मनस्ताप कोणी भरून देत नाही. माझा प्रश्न असा आहे की आठव्या आयोगात हे पुन्हा होणार का?

जुना_कोषागार

ताई, आपल्या आईंना झालेला त्रास मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे आणि तो खरा आहे. प्रत्येक आयोगाची निश्चिती मागच्या आयोगाच्या निश्चितीवर उभी असते. १९९६ ची एक वेतनवाढ चुकली की ती २००६ मध्ये गुणली जाते आणि २०१६ मध्ये पुन्हा गुणली जाते. वेतन पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक गेल्यावर ती सापडते आणि सापडते ती बहुधा निवृत्तीच्या तोंडावर. वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सांगितले आहे की वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही. पुढील निश्चितीत चूक दुरुस्त होते, मागचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून ज्यांची सेवा चालू आहे त्यांनी २००६ आणि २०१६ या दोन्ही निश्चितींवर पडताळणीचा शेरा आहे की नाही ते आत्ताच सेवापुस्तकात पाहावे. शेरा नसेल तर लेखी अर्ज द्यावा.

आपल्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे विलंब. आयोग नेमते केंद्र आणि तो बोलतो केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. राज्याने तो घेतलाच पाहिजे असे बंधन नाही, पण घेतल्यावाचून राहताही येत नाही. महाराष्ट्राने के. पी. बक्षी समिती नेमली, लाभ १ जानेवारी २०१६ पासून धरला आणि प्रत्यक्ष रोख वाढ १ जानेवारी २०१९ पासून दिली. मधले ३६ महिने थकबाकी. सहाव्या आयोगाच्या वेळीही असेच झाले होते, राज्याचे नियम २००९ मध्ये आले.

ओंकार_सोलापूर

काका, ही थकबाकी आमच्या कार्यालयात पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा झाली. त्यात सरकारचा काही फायदा असतो का? कारण सहकारी म्हणतात, "आपलेच पैसे आपल्यालाच उधार दिले."

जुना_कोषागार

सहकाऱ्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. त्याच लिपिकाची ३६ महिन्यांची थकबाकी मी केंद्राच्या महागाई भत्त्याच्या दरांनी कागदावर मांडून पाहिली. दरवर्षीची वेतनवाढ धरून ती सुमारे १ लाख ४६ हजार रुपये होते, म्हणजे एका हप्त्याला साधारण २९ हजार. हा हप्ता निधीत जमा केला की सरकारच्या हिशेबात तो खर्च म्हणून दिसतो, पण रोकड तिजोरीबाहेर जात नाही, ती लोकलेख्यात राहते आणि सरकार तिच्यावर व्याज देते. कर्मचारी निवृत्त होतो किंवा मुलीच्या लग्नाला पैसे काढतो, तेव्हा ती खरोखर बाहेर पडते. म्हणजे बोजा टळत नाही, पुढच्या वर्षांवर जातो. निवृत्तांना मात्र रोखच द्यावी लागते.

या ३६ महिन्यांत सरकारची दुसरी बचत झाली, ती घरभाडे भत्त्याची. नव्या दराने घरभाडे १ जानेवारी २०१९ पासून मिळाले, मागील तीन वर्षांची थकबाकी त्यावर मिळाली नाही. मी वर सांगितलेला दुप्पट झालेला भत्ता आठवा, मग ही रक्कम किती मोठी असेल याचा अंदाज येईल. केंद्रानेही सुधारित भत्ते जुलै २०१७ पासूनच दिले. विलंब हे सरकारच्या हातातले एक साधन आहे. करोनाच्या काळात केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, तेव्हा ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले आणि ती रक्कम नंतर दिली गेली नाही.

रानवारा

विलीनीकरणाबाबत माझी चूक झाली, ते मान्य करतो. परंतु मग राज्याने केंद्राच्या मागे का जावे? राज्याने आपल्या ऐपतीनुसार स्वतंत्र आयोग नेमावा, त्यात काय अडचण आहे?

जुना_कोषागार

कायदेशीर अडचण काहीच नाही. अडचण शेजारच्या टेबलाची आहे. एकाच शहरात आयकर कार्यालयातला लिपिक आणि तहसील कार्यालयातला लिपिक यांच्या पगारातली तफावत फार काळ टिकत नाही, संप होतो आणि सरकारला झुकावे लागते. महाराष्ट्राचे आणखी एक वेगळेपण आहे. इथे जिल्हा परिषदांचे कर्मचारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक यांचा पगारही राज्याच्या तिजोरीतून जातो. सगळे मिळून सुमारे १७ लाख लोक धरले जातात. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. पाचव्या आयोगानंतर नव्वदीच्या अखेरीस अनेक राज्यांची महसुली तूट फुगली आणि पगार देण्यासाठी कर्ज काढण्याची पाळी आली, ती मी नोकरीत असताना पाहिली आहे. त्या आयोगाने पगारवाढीबरोबर मनुष्यबळ दहा वर्षांत ३० टक्क्यांनी कमी करण्याचीही शिफारस केली होती. सरकारांनी पगारवाढ घेतली आणि दुसरा भाग बाजूला ठेवला.

या वेळी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या कार्यकक्षेत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. राज्ये या शिफारशी थोड्या फेरफाराने स्वीकारतात, म्हणून त्यांच्या वित्तस्थितीवरील परिणाम पाहायचा. आणि ज्या निवृत्तिवेतन योजनांत कर्मचाऱ्याचे अंशदान नाही, त्यांचा निधीविना असलेला खर्च विचारात घ्यायचा. आयोगाला नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिने आहेत. प्रथेप्रमाणे लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ धरली, तर अहवाल येईपर्यंतच सुमारे सोळा महिन्यांची थकबाकी साचलेली असेल आणि राज्याची समिती त्यानंतर बसेल.

मीरा_ठाणे

निवृत्तिवेतनाच्या या मुद्द्यावर मला शंका आहे. २००५ नंतर लागलेले कर्मचारी अंशदायी योजनेत आहेत ना? मग तो बोजा हळूहळू कमी व्हायला हवा.

जुना_कोषागार

राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांसाठी ते खरे आहे, पण परिणाम दिसायला वेळ आहे. १९९० च्या सुमारास लागलेली मोठी पिढी आत्ता निवृत्त होत आहे आणि ती जुन्या योजनेतली आहे. शेवटच्या वेतनाचा अर्धा भाग निवृत्तिवेतन, म्हणून आयोगाने मूळ वेतन वर सरकवले की त्यांचे निवृत्तिवेतनही सरकते आणि आधीच्या निवृत्तांचेही त्याच गुणकाने सुधारते. २०१० मध्ये ६,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन असलेल्याचे २०१६ पासून १५,४२० झाले. नव्या योजनेतही सरकारचा १४ टक्के वाटा मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर आहे, म्हणून पाया सरकला की तोही वाढतो. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतनाचा निर्णय झाला आणि त्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. म्हणजे मूळ वेतनाशी बांधलेले आश्वासन पुन्हा आले. ते किती जण निवडतील यावर पुढचा खर्च अवलंबून राहील.

पाटीपेन्सिल

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. बोजा म्हणताना त्यात माझी आई मोजली जाते, पण तिने अडतीस वर्षे वर्गात काय केले ते मोजले जात नाही. मीराताईंचा कंत्राटी कामगाराचा मुद्दा मात्र मला पटतो. आमच्या शाळेत आता तासिका तत्त्वावर शिकवणारी मुले आहेत. त्यांना ना फॅक्टर, ना घरभाडे.

मीरा_ठाणे

ताई, आपल्या आईंबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी आहे की दहा वर्षे पाया गोठवून मग एकदम सरकवण्याऐवजी तो दरवर्षी थोडा थोडा का सरकवू नये? तसे केले तर अंदाजपत्रकाला धक्का बसणार नाही आणि थकबाकीचा प्रश्नही उरणार नाही.

जुना_कोषागार

सातव्या आयोगाने स्वतःच असे सुचवले होते की दहा वर्षे न थांबता वेतनतक्ता वेळोवेळी सुधारावा. ते अमलात आले नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, कारण घरभाड्यासारखे भत्ते गोठलेल्या पायावर राहतात त्यातून सरकारची दरवर्षी बचत होते, ती मग मिळणार नाही. एकरकमी बोजा जाईल, पण एकूण खर्च कमी होईलच असे मला खात्रीने सांगता येत नाही.

ओंकार_सोलापूर

सर्वांचे आभार. आज दुपारी आस्थापना शाखेतून सेवापुस्तक मागवून पाहिले. २०१६ च्या निश्चितीवर पडताळणीचा शेरा आहे. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या पुस्तकात २००६ च्या पानावर तो नाही आणि त्यांची निवृत्ती पुढच्या वर्षी मे महिन्यात आहे. उद्या त्यांचा अर्ज मी टंकलिखित करून देणार आहे. काका, अर्जासोबत २००६ चे विकल्पपत्र जोडावे लागते का?

जुना_कोषागार

हो, जोडा. मूळ विकल्पपत्र सेवापुस्तकात चिकटवलेले असेल, त्याची प्रत काढा आणि सोबत डिसेंबर २००५ च्या वेतन देयकाची प्रतही घ्या. जुनी देयके कार्यालयात सापडली नाहीत तर आधी तसे लेखी मागा, तोंडी विचारू नका. पोच घ्यायला विसरू नका.